तडकलेल्या बुटाची भेग सांधता का येत नाही

कुणीतरी पाठवलेल्या फोटोत तपकिरी लेदरचे ऑफिसचे बूट आहेत. बोटं जिथे वाकतात तिथे आडव्या सुरकुत्या पडल्यात, त्यातल्या दोनतीन उघडून भेगा झाल्यात. कडेला बुरशीचे पांढुरके ठिपके आहेत. सोबत प्रश्न: "खोबरेल तेल चोळलं तर चालेल का?"

उत्तराआधी फोटो मोठा करून भेगेत काय दिसतं ते बघायचं. बारीक लव असलेले, भुरकट तंतू दिसले तर ते खरं चामडं आहे. पापुद्रे सुटत असतील आणि खाली विणलेलं कापड दिसत असेल तर ते रेक्झिन. त्यावरचा पॉलियुरेथेनचा थर हवेतल्या ओलाव्याने रासायनिकरीत्या तुटत जातो, म्हणून मुंबई-कोकणच्या दमट हवेत न वापरलेली बॅगही कपाटात सोलून निघते. तिला कुठलंच क्रीम वाचवत नाही. या फोटोत तंतू दिसतात, तेव्हा पुढे जायला हरकत नाही.

चामडं म्हणजे कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंचं गुंतलेलं जाळं. कातडी कमावल्यावर कारखान्यात तिला फिरत्या पिंपात तेल-पाण्याच्या मिश्रणात घोळवतात. तेल तंतूंवर बसतं, म्हणून वाळल्यावरही ते एकमेकांवरून सरकतात. तेल न लावलेल्या शेवया गार झाल्यावर जशा गोळा होतात, तसे तेल उडालेले तंतू चिकटून कडक होतात. मग बूट वाकला की ते सरकत नाहीत, तुटतात. सुरकुतीत साचलेली धूळ वाकण्याच्या प्रत्येक खेपेला त्यांना कानस लावते.

तुटलेला तंतू पुन्हा जुळत नाही, कारण चामडं जिवंत त्वचा नाही. कंडिशनर म्हणजे चामड्यात जिरवायचं तेलकट क्रीम. तो फक्त उरलेल्या तंतूंना पुन्हा सरकू देतो. भेग वाढायची थांबते, एवढीच त्याची करामत. "नवं करून देतो" म्हणणाऱ्या डबीवर विश्वास ठेवू नये.

आता काम. नाड्या काढा, आत कागदाचे बोळे भरा. बुरशी घराबाहेर मऊ ब्रशने झाडा, नाहीतर तिचे बीजाणू कपाटातच परततात. मग ओलसर सुती कापडावर थोडा सॅडल सोप, म्हणजे चामड्यासाठीचा साबण, घेऊन फक्त फेसाने पुसा आणि साबण ओल्या फडक्याने पूर्ण काढून टाका. चामडं आम्लधर्मी असतं. कपड्याचा साबण किंवा खाण्याचा सोडा अल्कधर्मी असल्याने ते आणखी कोरडं आणि राठ होतं.

नंतर एक दिवस सावलीत, पंख्याखाली वाळू द्या. इथे घाई फार महागात पडते. वनस्पतींच्या सालींनी कमावलेलं ओलं चामडं साधारण ७० ते ८५ अंश सेल्सिअसला आक्रसतं आणि ते परत सैल होत नाही. कोल्हापुरी चप्पल याच जातीची, बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेली. हेअर ड्रायर जवळ धरला तर एवढं तापमान सहज गाठलं जातं.

बूट वाळल्यावर बाहेरच्याच चामड्यावर, पण न दिसणाऱ्या जागी पाण्याचा थेंब ठेवा. काही मिनिटांत डाग गडद झाला तर चामडं शोषून घेतंय. थेंब तसाच राहिला तर वर रंगाचा बंद थर आहे आणि कंडिशनर भेगांतूनच आत जाईल, तेव्हा तो तिथेच लावायचा.

एका बुटाला मटाराच्या दाण्याएवढं क्रीम पुरतं. बूट हलका वाकवून सुरकुती उघडा, बोटाने क्रीम जिरवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी जास्तीचं पुसा. जागा अजून राठ लागली तर दुसरा हात द्या. अती केलं तर चामडं लिबलिबीत होतं आणि पॉलिश बसत नाही. खोबरेल तेलाचं उत्तर इथेच मिळतं: ते आत जातं, पण रंग गडद करतं, साधारण २४ अंशाखाली थिजतं आणि नेमकं किती जिरलं याचा अंदाज येत नाही. जवस तेल तर चुकूनही नको, ते हवेत सुकून कडक होतं.

भेग तरीही डोळ्यात खुपत असेल तर ४०० नंबरच्या सँडपेपरने कडांची लव हलकेच घासा आणि लेदर फिलर पातळ थरांत, प्रत्येक थर वाळवत भरा. वर जुळणारा लेदर पेंट आणि शेवटी मेणाचं पॉलिश. बॅगेच्या सपाट अंगावर हे छान टिकतं. बुटाच्या वाकणाऱ्या जागी फिलर जाड झाला की तो आधी तडकतो, म्हणून तिथे अगदी कमी भरावा.

भेगेतून पायमोजा किंवा अस्तर दिसत असेल, किंवा ती बॅगेच्या पट्ट्यावर असेल, तर क्रीम बाजूला ठेवा. पट्ट्यावर वजन असतं आणि फिलरला ते पेलत नाही. मोच्याकडून नवा पट्टा शिवून घ्यावा. फोटोतल्या बुटांच्या भेगा तेवढ्या खोल दिसत नाहीत.