गुडघा बोटांच्या पुढे गेला तर?

जिममध्ये पाऊल टाकलेल्या प्रत्येकाने हे वाक्य ऐकलेलं असतं: ‘स्क्वॉट मारताना गुडघा पायाच्या बोटांपुढे न्यायचा नाही, नाहीतर गुडघे जातात.’ ओळखीच्या एका ट्रेनरने स्क्वॉट सुधारण्याच्या दीड मिनिटाच्या व्हिडिओची संहिता मला तपासायला दिली. तिची सुरुवातच या वाक्याने होती, शेजारी लाल फुली. ते वाक्य मी खोडलं आणि आमचा वाद सुरू झाला. मी तालमीतल्या बैठकांचा दाखला दिला. बैठक मारताना टाच उचलते आणि गुडघा बोटांच्या चांगलाच पुढे जातो. त्यावर तो म्हणाला, ‘ज्यांचे गुडघे दुखले, ते तालमीत उरलेच नसतील.’ हा मुद्दा बिनतोड होता. म्हणून पैलवान बाजूला ठेवले आणि कागद-पेन्सिल घेतली.

पाण्याने भरलेली बादली अंगाशी धरली तर सहज पेलते, हात लांब करून धरली की खांदा भरून येतो. बादलीचं वजन तेच, पण खांद्यापासूनचं आडवं अंतर वाढलं. सांध्यावर पडणारा हा फिरवणारा जोर म्हणजे वजन गुणिले आडवं अंतर. शाळेत याला बलाचा आघूर्ण म्हणायचे.

आता खांद्यावर ४० किलोचा बार घेऊन खाली बसलेला माणूस बाजूने पाहा. तोल जायचा नसेल तर बार आणि शरीर यांचा मिळून भार पावलाच्या मध्यावर राहायला हवा. जड बार असला की बार स्वतःच जवळजवळ त्या मध्याच्या वर येतो. तिथून एक उभी रेघ काढा. गुडघा या रेघेच्या पुढे असतो आणि खुबा मागे. मांडी जमिनीला समांतर झाली की दोघांमधलं आडवं अंतर मांडीच्या लांबीइतकं, समजा ४२ सेंटिमीटर. सगळी गंमत इथे आहे. मांडी काही आखूड होत नाही, त्यामुळे गुडघ्याकडचं अंतर कमी केलं की तेवढंच खुब्याकडे वाढतं.

४० किलो म्हणजे सुमारे ४०० न्यूटन. गुडघा रेघेच्या २० सेंटिमीटर पुढे असेल तर दोन्ही गुडघ्यांवर मिळून बारचा जोर ८० न्यूटन-मीटर येतो, आणि २२ सेंटिमीटर मागे असलेल्या खुब्यांवर ८८. आता गुडघा बोटांपाशी थोपवा. पावलाच्या मध्यापासून बोटांचं टोक साधारण १२ सेंटिमीटरवर असतं. गुडघ्यांचा जोर ४८ वर उतरतो, पण खुबा ३० सेंटिमीटर मागे जातो आणि तिथला जोर १२० होतो. बार रेघेवर ठेवायचा तर धड पुढे झुकवावं लागतं, म्हणजे कंबरेच्या स्नायूंचंही काम वाढतं. भार नाहीसा झाला नाही, त्याने घर बदललं. (शरीराचं स्वतःचं वजन मी हिशोबात धरलेलं नाही. ते धरलं तर आकडे बदलतील, दिशा बदलणार नाही.)

हे प्रत्यक्ष मोजलेलंही आहे. फ्राय, स्मिथ आणि शिलिंग यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सात पुरुषांच्या गुडघ्यांपुढे आडवी फळी लावून स्क्वॉट करवून घेतले. गुडघ्यावरचा जोर सुमारे १५० वरून ११७ न्यूटन-मीटरवर आला, आणि खुब्यावरचा २८ वरून ३०० च्या पुढे गेला. सातच माणसं, तेव्हा नेमक्या आकड्यांवर फार विसंबू नये, पण कागदावरची दिशा इथेही दिसते.

मग संहितेत काय लिहायचं? पहिला शॉट बाजूने. फोन मांडीच्या उंचीवर, तिवईवर, तीन-चार मीटर लांब आणि वाइड लेन्स बंद. पावलाच्या मध्याशी जमिनीवर चिकटपट्टी लावायची, म्हणजे संपादनात तिथून उभी रेघ काढता येते. फोन बरोबर काटकोनात हवा, कारण तिरक्या कोनातून ही आडवी अंतरं खऱ्यापेक्षा कमी दिसतात. फोन जमिनीवर ठेवून तिरपं समोरून चित्रण करायची फॅशन आहे. त्यात गुडघा कॅमेऱ्याच्या जवळ असल्याने वर दिसतो, खुबा खाली, आणि अर्धवट बसलेला माणूसही खोल बसल्यासारखा वाटतो. पाहणारा मग ती खोली गाठायला जातो, जी मुळात नव्हतीच.

दुसऱ्या शॉटमध्ये तोच माणूस, तोच बार, पण गुडघ्यांपुढे फळी. दोन्ही चित्रं शेजारी-शेजारी, फुली कशावरच नाही. तिसरा शॉट समोरून, गुडघा पावलाच्या दिशेने जातोय की आत वळतोय ते दाखवण्यासाठी.

सूचना कुठे बोलायची, हेही लिहावं लागतं. खाली जायला साधारण दोन सेकंद लागतात. त्यात ‘गुडघे आतल्या बाजूला वळू देऊ नका’ हे वाक्य संपेपर्यंत माणूस वर यायला लागलेला असतो. लांब वाक्य उभं असताना, हालचाल सुरू असताना दोन-तीन शब्द: ‘जमीन ढकला’. जमीनच का? गाब्रिएले वुल्फ आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली स्कीइंगची हालचाल शिकवणाऱ्या यंत्रावर पाहिलं की, आपल्या पायांकडे लक्ष देणाऱ्यांपेक्षा पायांखालच्या चाकांवरच्या दाबाकडे लक्ष देणारे जास्त चांगलं शिकले. लक्ष अवयवापेक्षा हालचालीच्या परिणामाकडे असलेलं बरं.

सर्वात जास्त खाडाखोड दुखापतीच्या वाक्यांवर झाली. ‘असं केलं तर गुडघे जातात’ यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कोंबल्या आहेत. भार वाढतो, हे मोजता येतं. त्या भाराने इजा होते का, हे ठरवायला माणसांचा दीर्घकाळ पाठपुरावा करावा लागतो, आणि हळूहळू वाढवलेल्या भाराने स्नायू आणि कंडरा बळकटही होतात. म्हणून आम्ही लिहिलं: ‘गुडघा पुढे गेला की गुडघ्यावर जास्त काम येतं, मागे ठेवला की खुब्यावर आणि कंबरेवर. सध्या वाटीमागे दुखत असेल तर वजन आणि खोली कमी करा, दुखणं वाढतंय का ते दुसऱ्या दिवशीही पाहा.’ ‘सुरक्षित स्क्वॉट’ हे शब्दही काढले. पाहणाऱ्याचा गुडघा आम्ही तपासलेला नाही.

‘कटकट आवाज येतो म्हणजे गुडघ्यातलं वंगण संपलं’ ही ओळ ट्रेनरला हवीच होती, कारण तिला व्ह्यूज मिळतात. वंगण संपत नसतं. सांध्याचं आतलं अस्तर तो द्रव सतत बनवत असतं, आणि दुखत नसलेल्या गुडघ्याचा आवाज अगदी सर्रास आढळतो. ते भरून देणाऱ्या गोळ्या आणि तेलं मात्र याच भीतीवर खपतात.

शेवटचा शॉट नुसत्या अक्षरांचा, आठ सेकंद, पार्श्वसंगीत बंद: ‘गुडघा सुजला, अडकला, चालताना दगा देऊ लागला किंवा रात्री ठणकू लागला तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवा.’ ट्रेनर म्हणाला, आठ सेकंदांत लोक व्हिडिओ बंद करतील. मग तो शॉट उचलून आम्ही फळीच्या शॉटआधी घातला.