चेहऱ्याचा गोल्डन रेशो: टेप कुठे ठेवता त्यावर सगळं

हल्ली नाशिकात कॉलेज रोडला ब्रायडल पॅकेज विचारायला गेलं की फोनवर फोटो काढून "तुमचा चेहरा 84 टक्के गोल्डन रेशोत बसतो" असं सांगणारे भेटतात, आणि उरलेल्या 16 टक्क्यांसाठी मग फिलर सुचवतात. गोल्डन रेशो म्हणजे 1.618. गणितात हा आकडा एकदम खरा आहे, युक्लिडपासून माहितीये. प्रश्न चेहऱ्याचा आहे.

दावा असा की लांबी भागिले रुंदी 1.618 आली की चेहरा परफेक्ट. ठीक, मोजून बघू. समजा एकीचा चेहरा केस सुरू होतात तिथपासून हनुवटीपर्यंत 18 सेंमी आणि गालांच्या हाडांपाशी 13.3 सेंमी रुंद आहे, तर उत्तर आलं 1.35, म्हणजे नापास. आता लांबी डोक्याच्या टोकापासून धरा, 21.5 सेंमी, तर 1.62, पास! नाहीतर लांबी तीच 18 ठेवा आणि रुंदी जबड्यापाशी घ्या, 11.1 सेंमी, परत 1.62. चेहरा तोच, बाई तीच, फक्त टेप सरकवली. आणि केसांपासूनच मोजायचं म्हटलं तर टक्कल पडत जाईल तसतसा माणूस 1.618 च्या जवळ जातो, हे मात्र कुठल्याच जाहिरातीत सांगत नाहीत 😄

त्यात चेहऱ्यावर नुसती 15 मापं घेतली तरी त्यांच्या 105 जोड्या होतात, मग दोनचार जोड्या 1.6 च्या आसपास येणारच ना, त्याच तेवढ्या दाखवायच्या.

सेल्फीवरून मोजणं तर अजून बेभरवशाचं. कान नाकाच्या शेंड्यापासून साधारण 12 सेंमी मागे असतो. फोन नाकापासून 30 सेंमीवर धरला तर कान 42 सेंमीवर, म्हणून नाक कानाच्या मानाने 1.4 पट मोठं दिसतं. दीड मीटरवरून काढला तर जेमतेम 1.08 पट.

मग प्रमाणाचा काहीच संबंध नाही का? आहे की. 2010 साली टोरोंटो आणि सॅन डिएगोच्या संशोधकांनी काही बायकांच्या फोटोंत कॉम्प्युटरवर डोळे-तोंड थोडं थोडं सरकवून लोकांना त्याच बाईचा कुठला चेहरा आवडतो ते विचारलं. डोळ्यांपासून तोंडापर्यंतचं अंतर चेहऱ्याच्या लांबीच्या 36 टक्के आणि दोन बाहुल्यांमधलं अंतर रुंदीच्या 46 टक्के असलेले चेहरे सगळ्यात आवडले. गोल्डन रेशो असता तर 1 भागिले 1.618 म्हणजे 62 टक्के, नाहीतर उरलेले 38 यायला हवे होते. गंमत म्हणजे 36 आणि 46 ही त्या बायकांच्या चेहऱ्यांची सरासरीच निघाली, चारचौघींसारखी मापं! पण ते चेहरे गोऱ्या बायकांचे होते, त्यामुळे हे आकडेही आपल्याकडच्या चेहऱ्यांना जसेच्या तसे लावता येत नाहीत.