बाण उलटवायचे की यादी सुरुवातीकडून वाचायची?

नोड म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणारे बाण यांनी बनलेल्या दिशायुक्त ग्राफमधील ज्या गटात कोणत्याही नोडपासून इतर प्रत्येक नोडपर्यंत बाणांच्या दिशेने जाता येते, आणि ज्यात आणखी एकही नोड घालता येत नाही, त्या गटाला स्ट्राँगली कनेक्टेड कॉम्पोनंट म्हणतात. कोसाराजू यांची पद्धत हे गट डीएफएसच्या, म्हणजे एका वाटेने जमेल तितके खोल जाऊन मग मागे परतणाऱ्या शोधाच्या, दोन फेऱ्यांत शोधते. पहिल्या फेरीत ज्या नोडचे काम पूर्ण होईल, म्हणजे त्यातून निघणारे सगळे बाण पाहून होतील, तो यादीच्या शेवटी लिहायचा. मग सगळे बाण उलटवून ती यादी शेवटाकडून वाचायची आणि अजून न भेटलेल्या प्रत्येक नोडपासून जेवढे नवे नोड हाती लागतील, तो एक गट मानायचा.

बाण उलटवण्यासाठी ग्राफची दुसरी प्रत करावी लागते. ती टाळण्यासाठी मूळ बाण तसेच ठेवून यादी सुरुवातीकडून वाचली तरी उत्तर तेच येईल, असे अनेकांना वाटते. ते खरे नाही.

क→ख, ख→क आणि क→ग असे तीनच बाण घेऊ. येथे क आणि ख यांचा एक गट आहे आणि ग एकटा आहे. पहिली फेरी क पासून सुरू होऊन आधी ख कडे गेली, तर ख ला पुढे नवे काही सापडत नाही, कारण त्याचा एकमेव बाण आधीच भेट दिलेल्या क कडे जातो. यादी ख, ग, क अशी होते. आता मूळ बाणांवर ख पासून निघालो, तर क आणि त्यामागून ग ही हाती लागतो आणि तिघांचा एकच गट ठरतो. बाण उलटवून क पासून निघालो, तर मात्र फक्त ख सापडतो आणि ग वेगळा राहतो.

यामागचे कारण मुळाशी जाऊन पाहण्यासारखे आहे. एका गटातून दुसऱ्या गटाकडे बाण जात असेल, तर सर्वांत उशिरा संपणारा नोड नेहमी पहिल्या गटातला असतो: फेरी आधी पहिल्या गटात शिरली, तर तिथला प्रवेशाचा नोड दुसरा गट पूर्ण झाल्याशिवाय संपत नाही, आधी दुसऱ्यात शिरली, तर तिथून परतीची वाट नसल्यामुळे तो गट आधीच संपतो. सर्वांत आधी संपणाऱ्या नोडबद्दल अशी कोणतीही हमी नाही. ख हा पहिल्या गटातला असूनही सर्वांत आधी संपला.

ही चूक सहज लपते, कारण क ने आधी ग कडे पाहिले असते तर यादी ग, ख, क अशी होऊन चुकीच्या रीतीनेही बरोबर उत्तर आले असते. म्हणून प्रत्येक नोडच्या शेजाऱ्यांचा क्रम बदलून प्रोग्राम पुन्हा चालवावा. गट बदलले, तर रीत चुकली आहे.

पहिली फेरी उलटवलेल्या बाणांवर आणि दुसरी मूळ बाणांवर केली तर मात्र चालते, कारण बाण उलटवल्याने गट बदलत नाहीत. यादी तेव्हाही शेवटाकडूनच वाचावी लागते.