व्हिनाइल व लॅमिनेट फ्लोअरिंग : रोलची रुंदी आणि दाराचा हिशेब

व्हिनाइलचा रोल साधारणपणे 2, 3 किंवा 4 मीटर रुंदीत मिळतो आणि लांबीला हवा तेवढा कापून घेता येतो. त्यामुळे खोलीचे क्षेत्रफळ कळून भागत नाही; रोलच्या रुंदीत खोलीची कोणती बाजू बसते, हे आधी ठरवावे लागते. हिशेब बहुतेक वेळा दारापाशी चुकतो. दारात फरशी भिंतीच्या कडेला थांबत नाही, मिटलेल्या दाराच्या फळीखालपर्यंत जाते. मापही तिथपर्यंतच घ्यायचे.

समजा खोली 3.88 × 4.50 मीटर आहे आणि दाराची खाच 8 सेंटीमीटर खोल आहे. कडा भिंतीलगत नेमक्या कापता याव्यात म्हणून प्रत्येक बाजूला 5 सेंटीमीटर जादा धरू. दार आखूड भिंतीत असेल तर रुंदी 3.98 मीटर होते आणि 4 मीटरच्या रोलमध्ये बसते. खाचेचे 8 सेंटीमीटर लांबीत मिळवायचे, म्हणून 4.68 मीटर कापला की सांध्याशिवाय काम होते.

तेच दार लांब भिंतीत आले की रुंदी 4.06 मीटर होते आणि रोल पुरत नाही. दारात वेगळा तुकडा जोडण्याचा मोह होतो, पण तो टाळावा: पायांची सगळी वर्दळ तिथूनच होते आणि सांधा लवकर उचकटतो. त्यापेक्षा 3 मीटरचा रोल आडवा फिरवून 4.06 मीटरचे दोन पट्टे घ्यावेत. माल 24.36 चौरस मीटर लागतो, म्हणजे बराच वाया जातो, पण दारातला पट्टा अखंड राहतो. नक्षी जुळवायची असेल तर दुसऱ्या पट्ट्यात नक्षीच्या एका आवर्तनाइतकी लांबी वाढवावी.

सांधा कुठे येतो तेही पाहावे. दार डाव्या कोपऱ्यापासून 2.70 ते 3.60 मीटरवर असेल आणि पूर्ण पट्टा डावीकडून टाकला, तर सांधा 2.95 मीटरवर, ऐन दारात येतो. उजवीकडून सुरुवात केली की तो 1.55 मीटरवर जातो.

लॅमिनेटच्या फळ्यांना रोलची अडचण नाही, तिथे शेवटची ओळ त्रास देते. त्याच खोलीत फळ्या लांब भिंतीला समांतर टाकल्या आणि दोन्हीकडे फुगण्यासाठी 1 सेंटीमीटर फट सोडली, तर 386 सेंटीमीटर उरतात. फळी 19.2 सेंटीमीटर रुंद असेल तर 20 ओळींनंतर जेमतेम 2 सेंटीमीटरची कातळी राहते. ती शेजारच्या फळीत नीट अडकत नाही. म्हणून पहिली आणि शेवटची ओळ 10.6 सेंटीमीटरची कापतात, मधल्या 19 पूर्ण राहतात. दाराची चौकट लाकडी असल्यास तिचा पाय फळी आणि खालच्या फोमच्या जाडीइतका कापून फळी आत सरकवावी, पण आतही फट ठेवावी. फळी चौकटीला टेकली तर दमट हवेत फुगायला जागा मिळत नाही. मग खोलीच्या मध्यभागी फरशी उचलली जाते आणि पाय ठेवताच दबते.