चाळणी भागाकार करतच नाही

१ ते १०० आकड्यांचा चौकोन काढायचा. १ बाजूला ठेवायचा, २ ला गोल करायचा आणि त्याच्या पुढच्या सगळ्या पटींवर फुली मारायची. मग ३, मग ५, मग ७. एवढं झालं की फुली नसलेले २५ आकडे उरतात, त्या १०० पर्यंतच्या मूळ संख्या. हीच चाळणी, शाळेत ती बहुतेकांनी केलेली असते. पण एकूण फुल्या किती मारल्या हे सहसा कुणी मोजत नाही. मी परवा पेन्सिल घेऊन मोजल्या आणि ही रीत मला नव्याने कळली.

२ च्या पटी ४ पासून १०० पर्यंत ४९ आहेत. ३ ची सुरुवात ६ पासून नाही, ९ पासून करायची, कारण ६ वर २ ची फुली आधीच पडली आहे. या ३१ फुल्या. ५ साठी थेट २५ वर जायचं. १०, १५, २० यांना ५ पेक्षा लहान भाजक असल्यामुळे ते कधीच खोडले गेलेत. या १६. ७ ची सुरुवात ४९ पासून, या ८. पुढची मूळ संख्या ११, पण तिचा वर्ग १२१ आपल्या कागदाबाहेर आहे, म्हणून काम संपलं. एकूण १०४ फुल्या.

आता दुसरी रीत पाहू. ४ पासून १०० पर्यंत प्रत्येक संख्या घ्यायची आणि तिच्या वर्गमुळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहायचं. भाग गेला की तिथेच थांबायचं. हुशारीने केलं तरी १८१ भागाकार होतात. १०४ विरुद्ध १८१ हा फरक फार मोठा वाटत नाही. पण ९७ जवळ थांबून पाहा. भागाकाराच्या रीतीत ९७ ला २, ३, ५, ७ असे चार प्रश्न विचारले जातात आणि चारही वेळा उत्तर 'नाही' येतं. संख्या मूळ असेल तर प्रत्येक भागाकार वाया जाणारच, कारण ती मूळ आहे याचा अर्थच तो. चाळणीत ९७ ला कुणी हातही लावत नाही. फुली पडते ती फक्त खऱ्या पटीवर. शिवाय पुढची पट शोधायला भागाकार लागत नाही. ४९ मध्ये ७ मिळवले की ५६, आणखी ७ मिळवले की ६३.

चाळणीतही थोडं काम दुबार होतं. १०० पर्यंत विभाज्य संख्या ७४ आहेत आणि फुल्या १०४, म्हणजे ३० फुल्या जास्तीच्या. ३० या आकड्यावर २, ३ आणि ५ अशा तीन फुल्या पडतात. ही उधळपट्टी मर्यादा वाढवल्यावर हाताबाहेर जाते का?

१० लाखांपर्यंत जाऊन पाहू. १० लाखांचं वर्गमूळ १०००, आणि १००० पर्यंत १६८ मूळ संख्या आहेत. तेवढ्यांच्या पटी खोडल्या की झालं. सगळ्या मिळून साधारण २१ लाख फुल्या लागतात, म्हणजे दर संख्येमागे जेमतेम दोन. भागाकाराच्या रीतीत मात्र ५ लाख ते १० लाख या अर्ध्या भागातच ३६,९६० मूळ संख्या आहेत आणि त्यातल्या प्रत्येकीला किमान १२६ निष्फळ भागाकार सोसावे लागतात. तेच ४६ लाखांवर जातात. उरलेल्या मूळ संख्या आणि सगळ्या विभाज्य संख्या यांचा हिशेब तर अजून धरलेलाच नाही.

फुल्या इतक्या कमी का, याचं उत्तर एका बेरजेत आहे. २ मुळे निम्म्या संख्या खोडल्या जातात, ३ मुळे एक तृतीयांश, ५ मुळे एक पंचमांश. म्हणून दर संख्येमागे फुल्या साधारण १/२ + १/३ + १/५ + १/७ + … इतक्या. ही बेरीज कुठेच थांबत नाही, हे ऑयलरने १८ व्या शतकात दाखवलं. पण तिची वाढ विलक्षण संथ आहे. १००० पर्यंतच्या मूळ संख्या घेतल्या तर ती २.२ च्या आसपास असते आणि १० लाखांपर्यंतच्या घेतल्या तरी २.९ च्या आतच. १ लाख कोटींचं वर्गमूळ १० लाख, म्हणून तिथपर्यंत चाळणी लावली तरी सरासरी एका संख्येवर तीन फुल्याही पडत नाहीत.

ही रीत ग्रीक विद्वान एराटोस्थेनीसच्या नावाने ओळखली जाते. इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात तो अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख होता. आपल्याला ती निकोमाकसच्या अंकगणितावरच्या ग्रंथातून कळते. त्यात सम संख्या आधीच वगळून फक्त विषम संख्या चाळल्या आहेत. आजचे प्रोग्रॅमही वेग वाढवायला नेमकं हेच करतात.

साधी चाळणी पायथॉनमध्ये अशी लिहिता येते:

```python
n = 1000000
mool = [True] * (n + 1)
mool[0] = mool[1] = False
i = 2
while i * i <= n:
    if mool[i]:
        for j in range(i * i, n + 1, i):
            mool[j] = False
    i += 1
print(sum(mool))
```

उत्तर ७८४९८ यायला हवं. वेगळं आलं तर कुठेतरी चूक आहे.

यात `%` हे बाकी काढण्याचं चिन्ह कुठेच नाही, तिकडे मुद्दाम लक्ष द्या. चाळणी म्हणून पुष्कळदा वेगळंच काहीतरी लिहिलं जातं:

```python
yadi = [x for x in yadi if x % p != 0]
```

यादीतून p या मूळ संख्येच्या पटी गाळल्या, म्हणजे चाळणी झाली असं वाटतं, आणि उत्तरही बरोबर येतं. पण p च्या प्रत्येक फेरीत यादीत उरलेली प्रत्येक संख्या भागून पाहिली जाते. १० लाखांपर्यंत १६८ फेऱ्या केल्या, तर १००० च्या पुढच्या ७८,३३० मूळ संख्यांवरच १ कोटी ३१ लाखांहून जास्त भागाकार होतात. सरळ भागाकाराच्या रीतीत प्रत्येक संख्या निदान स्वतःच्या वर्गमुळाशी थांबते, इथे तेही नाही. खरी चाळणी p ची उडी घेत थेट पटीवर जाऊन पडते, मधल्या संख्यांकडे पाहतही नाही. ओळखायची खूण सोपी आहे: आतल्या फेरीत बाकी काढली जात असेल, तर ती चाळणी नव्हे.

चाळणीची खरी अडचण वेळेची नाही, जागेची आहे. १०० कोटींपर्यंत जायचं तर प्रत्येक संख्येसाठी एक खूण मेमरीत ठेवावी लागते. वरच्या पायथॉनच्या यादीत एका खुणेला ८ बाइट लागतात, म्हणजे सुमारे ८ जीबी. एका खुणेला एकच बिट दिला तर १२५ एमबी पुरतात आणि सम संख्या वगळल्या तर त्याच्याही निम्म्या. त्याहून पुढे मात्र कागदाचे तुकडे करणंच बरं.

समजा १००१ ते १०५० एवढाच तुकडा हवा आहे. १०५० चं वर्गमूळ ३२ च्या थोडं पुढे, म्हणून ३१ पर्यंतच्या ११ मूळ संख्या पुरेशा आहेत. प्रत्येकीची या तुकड्यातली पहिली पट शोधायची. १००१ ला ३१ ने भागलं तर बाकी ९ उरते, म्हणजे आणखी २२ पुढे गेलं की १०२३ ही पहिली पट. पुढची १०५४, ती तुकड्याबाहेर. भागाकार लागला तो एका मूळ संख्येसाठी एकदाच, पुढे पुन्हा नुसत्या उड्या. १००३ वर फक्त १७ ची फुली पडते (१७ × ५९), १००७ वर फक्त १९ ची (१९ × ५३). शेवटी उरतात १००९, १०१३, १०१९, १०२१, १०३१, १०३३, १०३९ आणि १०४९. तुकडा प्रोसेसरच्या जवळच्या छोट्या मेमरीत मावेल एवढा ठेवला, तर वेगही चांगलाच वाढतो.

मात्र एकच भलीमोठी संख्या मूळ आहे का, एवढंच विचारायचं असेल तर चाळणी काढू नये. तिच्या आधीच्या सगळ्या संख्या खोडत बसण्यात अर्थ नाही. त्या प्रश्नाच्या रीती वेगळ्या आहेत. त्यातली एक, २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिलेली, भाजक न शोधताच ठाम उत्तर देते. मूळ संख्यांची सलग यादी हवी असेल तेव्हा मात्र १ लाख कोटींच्या आतला कुठलाही तुकडा चाळायला १० लाखांखालच्या ७८,४९८ मूळ संख्या पुरतात, आणि त्या वरच्या दहा ओळींतून आधीच मिळाल्या आहेत.