शब्द वहीत नाहीत, अध्यक्षांचा आदेश मात्र आहे

सोलापुरातल्या यंत्रमागधारकांच्या सहकारी संस्थांपासून गृहनिर्माण सोसायट्यांपर्यंत प्रोसिडिंग बुकात एक ठरावीक वाक्य सापडते: ‘मा. अध्यक्षांनी उद्गार मागे घेण्यास सांगितले.’ उद्गार काय होते, ते लिहिलेले नसते. वाचणाऱ्याला हे अर्धवट वाटते, पण ही रीत जुनी आहे.

इंग्लंडच्या कॉमन्स सभेने 1628 मध्येच ठरवले की सदस्यांची भाषणे वहीत उतरवण्याचा अधिकार क्लार्कला नाही. वहीत सभेने काय केले ते जायचे, कोण काय बोलले ते नव्हे. वादग्रस्त शब्दांपुरता मात्र अपवाद होता. ते लगेच कागदावर उतरवून घेत, कारण नेमके काय बोलले गेले हे ठरल्याशिवाय सभा निर्णय कसा देणार? अमेरिकेत हेन्री रॉबर्ट यांनी 1876 च्या नियमपुस्तकात सर्वसाधारण संस्थांसाठीही शब्द असेच लिहून घेण्याची पद्धत दिली.

कामकाजातून शब्द काढून टाकण्याचा लोकसभेचा नियम 380 वेगळ्या कारणासाठी आहे. तिथे शब्दशः वृत्तांत निघतो, म्हणून शब्द काढावे लागतात आणि नियम 381 प्रमाणे त्या जागी तारांकने येतात. संस्थेच्या इतिवृत्तात शब्दशः काहीच नसते, त्यामुळे तारांकने टाकणे निरर्थक. उलट ती पाहून लोक तर्क लढवतात. कंपन्यांना तर कायद्याचाच आधार आहे: 2013 च्या कायद्याचे कलम 118 अध्यक्षांच्या मते बदनामीकारक असलेला मजकूर इतिवृत्तात येऊ देत नाही.

समजा, वार्षिक सभेत सूतखरेदीच्या विषयावर एक सभासद खजिनदारांना उद्देशून काही बोलला. सचिवाने एवढेच लिहावे: ‘विषय क्र. 4 वरील चर्चेत एका सभासदाने खजिनदारांविषयी काढलेल्या उद्गारास हरकत घेण्यात आली. मा. अध्यक्षांनी ते मागे घेण्यास सांगितले. संबंधित सभासदाने ते मागे घेतले व चर्चा पुढे सुरू झाली.’

इथे घोटाळा बहुधा विशेषणात होतो. ‘अपहाराचा आरोप मागे घेतला’ असे लिहिले की शब्द गाळूनही आरोप वहीत राहिला. ‘खोटा आरोप’ लिहिले तर सचिवानेच निकाल दिला. सोलापुरात आणखी एक पेच येतो: उद्गार तेलुगू किंवा कन्नडमध्ये असला, तर सचिवाचे मराठी भाषांतर मूळ शब्दापेक्षा बोचरे ठरू शकते आणि मग भांडण भाषांतरावर सुरू होते.

सभासदाने नकार दिला तर मात्र त्याचे नाव, अध्यक्षांचा आदेश आणि नकार हे तिन्ही लिहावेत. पुढे कारवाईचा विचार असेल, तर नेमके शब्द बोललेल्या भाषेतच वेगळ्या कागदावर लगेच उतरवावेत, सभेत वाचून दाखवावेत आणि तो कागद अध्यक्षांकडे द्यावा. हे दुसऱ्या दिवशी आठवून करता येत नाही. आणि पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करताना कुणी ‘ते शब्द घाला’ अशी दुरुस्ती सुचवली, तर तीही शब्द न उच्चारता मांडायला सांगावे. नाहीतर जे मागच्या सभेत टाळले, ते या सभेत पुन्हा बोलले जाते.