‘मित्र’ म्हणून आलेला जोडीदार

आपल्याकडे लग्नाचं आमंत्रण एकट्या माणसाला नसतं. पत्रिकेवर ‘सहकुटुंब सहपरिवार’ असतं, आहेर जोडीच्या नावानं होतो, सत्यनारायणाला पाटावर जोडीच बसते. या रचनेत एकत्र राहणारे दोन पुरुष किंवा दोन बायका बराच काळ एकाच शब्दाच्या आधारानं वावरत आले: मित्र, मैत्रीण, नाहीतर ‘रूम पार्टनर’. या शब्दानं दार उघडलंही. लग्नघरात पुरुषांच्या खोलीत मुलाचा मित्र शेजारच्या गादीवर झोपला, तर कुणी काही विचारत नसे. अडचण तिशीनंतर यायची, ‘आता तुझं कधी?’ हा प्रश्न दोघांनाही समोरासमोर विचारला जाई तेव्हा.

शब्द बदलणं धोक्याचं होतं, कारण इंग्रजांच्या काळातलं कलम ३७७ समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवत होतं. २००९मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून वगळलं. त्या भरवशावर कुणी घरी सांगितलं असेल, त्याचा आधार डिसेंबर २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवल्यावर गेला. तरीही मे २०१५मध्ये मुंबईत समलिंगी हक्कांचे कार्यकर्ते हरीश अय्यर यांच्या आईनं ‘मिड-डे’त मुलासाठी वर पाहिजे अशी जाहिरात दिली. काही वृत्तपत्रांनी ती नाकारली होती. जातीची अट नाही, पण अय्यर असल्यास प्राधान्य, असं तिच्यात होतं, आणि त्यावर टीकाही झाली. मला मात्र त्या जाहिरातीत आईचं नेहमीचंच स्थळं बघणं दिसतं. मुलाचा जोडीदार घरच्यांनीही शोधावा, म्हणजे तो घरचा व्हावा, ही तिची इच्छा मला फार जवळची वाटते.

६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयानंच प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना कलम ३७७मधून वगळलं आणि गुन्ह्याची भीती गेली. समलिंगी लग्नाला मान्यता द्यायला मात्र त्याच न्यायालयानं १७ ऑक्टोबर २०२३ला नकार दिला. म्हणून ‘हे जावई’ असं म्हणायला आजही कागदाचा आधार नाही. नातं तेवढंच टिकतं, जेवढं घरचे बोलून दाखवतात.

त्यामुळे जोडपी एका कार्याचा निर्णय तुकड्यांत घेतात. समजा, मावसबहिणीचं लग्न साताऱ्यात आहे. आईबाबांना माहीत आहे, मावशीला नाही. दोघं मुहूर्ताला जातात, हळदीला नाही, कारण हळदीला घरचेच असतात आणि चौकशी तिथेच होते. आहेराच्या पाकिटावर मात्र दोघांची नावं घालतात. मावशी ते रात्री निवांत वाचेल, मांडवात तिला उत्तर द्यावं लागणार नाही. पाठच्या बहिणीसाठी स्थळं बघणं चालू असेल, तर कित्येक जण हेही पुढे ढकलतात. आपण पुण्याला परत जाऊ, प्रश्न आईला विचारले जातील, हे त्यांना ठाऊक असतं.

सगळ्यात अवघड क्षण फोटोचा. ‘घरचे सगळे या’ अशी हाक येते आणि मुलाचा जोडीदार खुर्चीजवळच थांबतो. तेव्हा आईनं त्याचं नाव घेऊन बोलावायचं की नाही, एवढं घरून निघण्याआधी तिच्याशी ठरवून घ्यावं लागतं.